सही करा, मजकूर आम्ही भरतो

मराठी माणूस पगार सांगत नाही, पण साखर सांगतो. शिवाजीनगरला गाडीत चढलेल्या अनोळखी गृहस्थाचं आडनाव कळायच्या आत त्याच्या साखरेचे उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही आकडे आपल्याला पाठ झालेले असतात. लोणावळा येईतो मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन टाकेही निघतात. मात्र हाच गृहस्थ एका बाबतीत अतिशय सावध असतो. विम्याचा एजंट घरी आला, की 'बीपी आहे का?' या प्रश्नाला तो शांतपणे 'छे छे' म्हणतो. म्हणजे जे ज्याला सांगायचं, ते त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायचं, अशी आपली गोपनीयतेची रीत आहे.

त्या 'छे छे'नंतर सही होते. एजंटने पेन्सिलीने जिथे जिथे फुली मारलेली असते तिथे तिथे. प्रपोजल फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात जी घोषणा असते, ती वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. मी वाचली, कारण आमच्या दाजींच्या प्रकरणात ती वाचायची वेळ आली. तिथे साधारण असं असतं: मला आजवर ज्या ज्या डॉक्टरने किंवा रुग्णालयाने तपासलं असेल, त्या कोणाकडूनही माझी वैद्यकीय माहिती मिळवायला मी कंपनीला अधिकार देतो, आणि ही माहिती प्रस्तावाची छाननी व दावा एवढ्याच कामासाठी, तसंच सरकारी किंवा नियामक यंत्रणांना देण्यासाठी वापरायला माझी हरकत नाही. 'कोणाकडूनही' हा शब्द लहान दिसतो, पण त्यात शाळेत असताना गोवर काढलेल्या डॉक्टरांपासून परवा दात काढलेल्या डॉक्टरांपर्यंत सगळे बसतात.

ही पहिली सही. दुसरी रुग्णालयात भरती होताना कॅशलेसच्या फॉर्मवर होते. तिसरी दाव्याच्या फॉर्मवर, जिथे हीच संमती पुन्हा घेतात, पण या वेळी ती ज्या माणसाचा दावा आहे त्याच्यावर उपचार केलेल्या डॉक्टरांपुरती असते. या तिन्ही सह्या छापील असतात आणि त्यांना नकार देणं म्हणजे विम्यालाच नकार देणं. कंपनीने आजाराची खातरजमा न करता पैसे द्यावेत, अशी अपेक्षा आपण आपल्या सख्ख्या भावाकडूनही करत नाही. खरा मजकूर चौथ्या सहीपासून सुरू होतो. ती कुठल्याच छापील फॉर्मवर नसते.

दाजींचं झालं असं. वय छप्पन्न, एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी, एप्रिल २०२२ मध्ये घेतलेली पाच लाखांची पॉलिसी. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रात्री पोटात असं दुखायला लागलं, की दाजी चक्क 'डॉक्टरकडे चला' म्हणाले. या वाक्यावरूनच ताईने ओळखलं, की प्रकरण गंभीर आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. पित्ताशयाच्या खड्यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते, ती केव्हाच उलटून गेली होती. म्हणजे कागदोपत्री दाजी अगदी वेळेवर आजारी पडले होते.

भरतीच्या खिडकीपाशी कॅशलेसचा फॉर्म भरणारा मुलगा होता. या फॉर्मवर जुनाट आजारांची एक ओळ असते: मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सांधे, दमा, कर्करोग, आणि याच रांगेत, एका दमात, दारू किंवा अमली पदार्थ, एचआयव्ही आणि लैंगिक आजार. मुलगा प्रामाणिक होता. त्याने काचेतल्या भोकातून सगळी ओळ खणखणीत आवाजात विचारली. दाजींच्या मागे रांगेत त्यांच्याच सोसायटीचे खजिनदार उभे होते. "काका, दारू?" या प्रश्नाला दाजींनी मागे वळून उत्तर दिलं, कारण उत्तराची खरी गरज तिकडेच होती.

इथे नकार देता येतो, तो प्रश्नाला नव्हे, आवाजाला. फॉर्म हातात घेऊन स्वतः भरता येतो किंवा डॉक्टरांच्या खोलीत भरता येतो. आणि एचआयव्हीच्या बाबतीत कायदा फार स्पष्ट आहे. एचआयव्ही आणि एड्ससंबंधीचा २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, आणि विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची स्थिती साधारणपणे त्याच्या लेखी, समजून दिलेल्या संमतीशिवाय पुढे सांगता येत नाही, असं त्याच्या आठव्या कलमात आहे. ते कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काचेतलं भोक नसावं, पण कलम त्यालाही लागू पडतं. एक मात्र लक्षात ठेवायचं. न सांगणं वेगळं आणि फॉर्मवर 'नाही' लिहिणं वेगळं. खोट्या 'नाही'चं संरक्षण कुठलंच कलम करत नाही.

तर फॉर्म गेला. नियामकाच्या म्हणजे आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असतो. तो खरंच तासाभरात आला, आणि नकाराचा आला. 'दीर्घकालीन उच्च रक्तदाब प्रस्तावात जाहीर केलेला दिसत नाही. कॅशलेस मंजूर करता येत नाही. उपचारांनंतर प्रतिपूर्तीसाठी अर्ज करावा.' ताईचा चेहरा पडला. तिला वाटलं, दावाच गेला. तसं नसतं. कॅशलेस नाकारणं म्हणजे दावा नाकारणं नव्हे. आधी आपण पैसे भरायचे आणि मग मागायचे, एवढाच त्याचा अर्थ. मुदत ठेव मोडली गेली, खडे निघाले, आणि दाजींनी ते बाटलीत घरी आणून शोकेसमध्ये ठेवले. रुग्णालयाने परत दिलेली ती एकमेव मूळ वस्तू होती.

पण 'दीर्घकालीन' आलं कुठून? दाजींचा रक्तदाब सापडून दहा महिने झाले होते. म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर दोन वर्षांनी. प्रस्तावात तो नव्हता, कारण तेव्हा तो दाजींतही नव्हता.

उत्तर रुग्णालयाच्या आतल्या कागदांत होतं. भरती झालेल्या रुग्णाची जी जाडजूड फाईल खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली असते, तिला इनडोअर केस पेपर म्हणतात. विमावाले तिला 'आयसीपी' म्हणतात आणि त्यांना रुग्णापेक्षा तिच्यात जास्त रस असतो. आपण डिस्चार्ज कार्ड म्हणजेच सगळं समजतो. ते तर लग्नाच्या अल्बमसारखं निवडून, पुसून घेतलेलं असतं. खरं काय झालं, ते आयसीपीत असतं. रात्री अडीच वाजता निवासी डॉक्टराने काय विचारलं, कोणी काय सांगितलं, नर्सने किती वाजता रक्तदाब मोजला, रुग्णाने किती वाजता चहा मागितला.

रात्री अडीच वाजता झालेला संवाद ताईने नंतर आठवून सांगितला. डॉक्टराने विचारलं, "बीपी आहे?" ताई म्हणाली, "आहे." "किती झाले?" ताई म्हणाली, "दहा झाले." ताई महिने मोजत होती, कारण महिन्याच्या महिन्याला गोळ्यांची पाकिटं तीच आणते. ज्या मुलाने सलग छत्तीस तास ड्युटी केली होती, त्याने 'रक्तदाब, दहा वर्षांपासून' असं लिहिलं. दाजी त्या वेळी पोट धरून कण्हत होते आणि त्यांना दोन्ही मान्य होतं.

हा काही आमच्याच घरचा पराक्रम नाही. विम्याच्या तक्रारी हाताळणाऱ्या कुणालाही विचारा, महिन्यांची वर्षं होणं हा तिथला नित्याचा प्रकार आहे. पॉलिसी घेण्याआधीच्या छत्तीस महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार सुचवलेला आजार म्हणजे 'आधीपासूनचा आजार'. तो लपवला असं ठरलं, तर दावा जातो. पॉलिसी सलग साठ महिने चालली, की मग सिद्ध झालेली फसवणूक सोडून न सांगितलेल्या गोष्टीवर कंपनीला बोट ठेवता येत नाही. दाजींचे चौतीस महिने झाले होते. म्हणजे एका 'दहा'पुढे महिने लिहायचे की वर्षं, यावर एक लाख चाळीस हजार रुपये टांगलेले होते.

आता ती चौथी सही. प्रतिपूर्तीचा अर्ज केल्यावर आठवड्याभराने एक तरुण घरी आला. मोटरसायकल, पाठीवर बॅग, अतिशय नम्र. कंपनीने नेमलेल्या तपास संस्थेचा माणूस. त्याने ताईच्या हातचे पोहे खाल्ले, शोकेसमधले खडे कौतुकाने पाहिले, आणि बॅगेतून दोन कागद काढले. एक कोरा होता. दुसऱ्यावर वर 'अधिकारपत्र' असं छापलं होतं आणि खाली सहीची जागा होती. मधे नुसत्या रेघा.

"इथे एक सही करा काका. मजकूर आम्ही भरतो."

"काय मजकूर?"

"नेहमीचाच असतो. हॉस्पिटलला, लॅबला, तुमच्या फॅमिली डॉक्टरांना द्यायला. प्रत्येक ठिकाणी वेगळं लागतं ना, म्हणून कोरं घेतो. तुमचाच वेळ वाचतो."

"आणि हा कोरा?"

"तो तुमचा जबाब. तुम्ही तोंडी सांगा, मी ऑफिसात बसून नीट लिहून काढतो."

दाजी खिशातून पेन काढत होते. छप्पन्न वर्षांत त्यांनी कोणत्याही नम्र माणसाला सहीसाठी नाही म्हटलेलं नाही. सोसायटीच्या प्रत्येक तक्रार अर्जावर आणि त्या तक्रारीविरुद्धच्या अर्जावरही त्यांची सही आहे. ताईने पेन काढून घेतलं. ताई सहकारी पतपेढीत तीस वर्षं कॅशियर होती. कोऱ्या कागदावरची सही काय काय करू शकते, हे तिने काचेपलीकडून पाहिलेलं आहे.

"जबाब हे स्वतः लिहून देतील," ती म्हणाली. "मराठीत, त्यांच्या अक्षरात. आणि झेरॉक्स मी ठेवीन. अधिकारपत्र मी लिहून देते."

"मॅडम, फॉरमॅट आहे आमचा."

"फॉरमॅटमध्ये रेघाच आहेत. त्या मी भरते."

तरुण कावराबावरा झाला. नकार देणारी माणसं त्याने पाहिली असणार, पण ती आरडाओरडा करणारी. पोहे वाढून नकार देणारी बाई त्याच्या प्रशिक्षणात नसावी.

ताईने लिहिलेल्या अधिकारपत्रात इतकंच होतं: अमुक दाव्याच्या संदर्भात, अमुक रुग्णालयातल्या अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या भरतीचे कागद, आणि रक्तदाबाचं निदान ज्या डॉक्टरांनी केलं त्यांच्याकडची फक्त रक्तदाबाची नोंद, यांच्या प्रती कंपनीच्या अमुक प्रतिनिधीला पाहू द्याव्यात. मूळ कागद देऊ नयेत. हे पत्र तीस दिवसांनंतर चालणार नाही. खाली दाजींची सही, तारीख आणि तरुणाच्या ओळखपत्राचा क्रमांक. सही आणि मजकूर यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली होती, तिथे तिने आडवी रेघ मारली. बँकेतली माणसं निवृत्त होतात, रेघ मारणं निवृत्त होत नाही.

यात नकार कुठे होता? माहितीला नव्हता. रक्तदाब हा या दाव्यातला खरा प्रश्न होता, आणि त्याबद्दलचं एकूण एक पान कंपनीला द्यावंच लागतं. ते दिलं नाही, तर 'कागदपत्रं सादर केली नाहीत' या एका ओळीत दावा बंद होतो आणि मग भांडायला जागाही उरत नाही. नकार होता तो रुंदीला. तरुणाला पुढे आणखी काही हवं होतं. ताईच्या थायरॉइडची फाईल दिसली, ती 'बघू का जरा' म्हणाला. दावा ताईचा नव्हता. तिचे कागद तिच्या संमतीशिवाय पाहायचं काही कारण नव्हतं. दाजींचा फोन मागितला, 'औषधांच्या दुकानाचे मेसेज असतात ना त्यात'. फोन देणं कुठल्याही पॉलिसीच्या अटींत बसत नाही. दाजींनी पूर्वी कुठल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे उपचार घेतलेत का, असंही तो विचारून गेला. पित्ताशयाच्या खड्यांशी त्याचा संबंध काय, असं ताईने विचारल्यावर तो म्हणाला, "चेकलिस्टमध्ये आहे." ताईने सांगितलं, हा प्रश्न कंपनीने कारणासह लेखी विचारावा, आम्ही लेखी उत्तर देऊ. तो लेखी प्रश्न कधी आला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, या माहितीला गोपनीयतेचा वेगळा हक्क देतो. पण माझा अनुभव असा, की 'लेखी विचारा' हे दोन शब्द कायद्याच्याही आधी पोचतात.

एक गोष्ट ताईने त्याहून आधी केली होती, आणि माझ्या मते सगळं त्यामुळे वाचलं. तिने आयसीपी आपण आधी मागून घेतला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात, आणि रुग्णाने मागितले तर बहात्तर तासांत द्यायचे असतात. रेकॉर्ड विभाग तळघरात होता. "विम्याला पाहिजे असेल तर विमेवाले मागतील," असं तिथल्या बाबांनी सांगितलं. ताई म्हणाली, "मला पाहिजे." हे वाक्य त्यांनी आजवर ऐकलं नसावं. अर्ज, पोच, झेरॉक्सचे पैसे, आणि तिसऱ्या दिवशी गठ्ठा हातात. स्वतःच्या नवऱ्याची फाईल ती वर्तमानपत्रासारखी वाचत बसली. 'रुग्ण असहकार्य करतो' ही नर्सची नोंद तिने दाजींना दोनदा वाचून दाखवली.

आणि मग ते 'दहा वर्षांपासून' सापडलं.

अशा वेळी घरोघरी पहिला सल्ला मिळतो, की डॉक्टरांना सांगून ते पान बदलून घ्या. एवढं कधीच करू नये. फाईलची प्रत कंपनीकडे गेलेली असू शकते, आणि मग दोन प्रती जुळत नाहीत म्हणून प्रामाणिक माणूस खोटारडा ठरतो. डॉक्टरही तयार होत नाहीत, आणि ते बरोबर आहे. चुकीची नोंद खोडायची नसते. ती वाचता येईल अशी तशीच राहते, आणि खाली त्या दिवसाची तारीख, वेळ व सही घालून दुरुस्तीची टीप लिहायची असते. मुख्य सर्जननी तसं लिहिलं: इतिहास पत्नीने सांगितला, कालावधी 'दहा महिने' असा वाचावा, पहिल्या प्रिस्क्रिप्शनची तारीख पाहिली. पण नुसत्या टिपेवर विमा कंपनीचा विश्वास बसत नाही. दावा अडल्यावर डॉक्टरांची स्मृती सुधारते, हे त्यांनी बऱ्याचदा पाहिलेलं असतं. टिपेला जुना पुरावा लागतो.

तो दाजींच्या कारखान्यातून निघाला. वर्षातून एकदा तिथे तपासणी होते, आणि २०२१, २०२२, २०२३ या तिन्ही वर्षांच्या कागदांवर रक्तदाब एकशेवीस-पंचवीसच्या आसपास, गोळ्या 'काही नाही'. म्हणजे झालं काय, तर आपले कागद कंपनीला कमीत कमी द्यावेत म्हणून लढणाऱ्या ताईने शेवटी कंपनीने मागितलेही नव्हते असे कागद स्वतः नेऊन दिले. मात्र देताना त्यांतली रक्तदाबाची पानं दिली. कान, डोळे आणि 'वजन कमी करावे' हा सलग तीन वर्षं दुर्लक्षिलेला सल्ला घरीच राहिला.

मी दाजींना मधल्या काळात धीर द्यायला न्यायालयाच्या गोष्टी सांगत असे. एक २०२१ ची. एक गृहस्थ अमेरिकेला लग्नाला निघाले. परदेश प्रवासाचा विमा घेताना मधुमेह सांगितला, तपासण्या दिल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरच घाम फुटला, आणि हृदयात स्टेंट बसले. कंपनी म्हणाली, तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत होता ते सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मधुमेह माहीत असताना, तपासण्या करून, तुम्ही पॉलिसी दिली; आता दावा आल्यावर हात वर करता येणार नाहीत. दाजींना ही गोष्ट फार आवडली. मग मी दुसरी सांगितली, २००९ ची, जिथे मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार प्रस्तावात दडवला होता आणि त्याच न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. ती त्यांना आवडली नाही. पण दोन्ही मिळून एकच सांगतात, की गोपनीयतेची जागा प्रस्तावाचा फॉर्म ही नव्हे. तिथे विचारलेलं सगळं सांगून टाकायचं, आणि मग पुढे कुणी जास्त मागितलं, की नाही म्हणायला तोंड राहतं.

दरम्यान भाचीच्या बाबतीत वेगळंच निघालं. ती हिंजवडीत नोकरीला आहे, आणि तिचा विमा ऑफिसतर्फे, सामूहिक. तिचं एक छोटं ऑपरेशन झालं, तसला विषय ज्याबद्दल ती आईशीही हळू बोलते. ऑफिसच्या मनुष्यबळ विभागातून प्रेमळ मेल आली: डिस्चार्ज समरी, रिपोर्ट आणि बिलं आम्हाला पाठवा, आम्ही टीपीएकडे पुढे पाठवू. मेलवर आणखी पाच जण होते, त्यांतला एक तिचा मॅनेजर. भाचीने फाईल जोडलीसुद्धा होती. टीपीए म्हणजे विमा कंपनीने दाव्यांच्या कामासाठी नेमलेली संस्था, तिचं थेट पोर्टल असतं. कागद तिथे चढवता येतात. मनुष्यबळ विभागाला कळायला हवं ते एवढंच, की ही मुलगी विमा योजनेत आहे आणि इतके दिवस रजेवर होती. आजाराचं नाव त्यांच्या कामाचं नाही. तिने तसं कळवलं. उत्तर आलं, 'शुअर, नो इश्यूज'. म्हणजे विचारायची गरजच नव्हती, पण सवय होती.

ही सवय आता मोबाइलवरही आली आहे. ओपीडीच्या खिडकीत मुलगी म्हणते, "काका, आभा नंबर? नाही? काढून देते, ओटीपी सांगा." चौदा आकड्यांचा हा आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे, नाही म्हटलं तर उपचार नाकारता येत नाहीत. पण घेतला तर त्याची एक गंमत आहे, जी कागदी अधिकारपत्रात नाही. कोणी तुमचे कागद मागितले, की मोबाइलवर विनंती येते. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि ही परवानगी केव्हा संपणार, हे सगळं तिथे वेगवेगळं दिसतं. तारखा कमी करता येतात, प्रिस्क्रिप्शन देऊन रिपोर्ट मागे ठेवता येतो, दिलेली परवानगी नंतर काढून घेता येते. ताईने पोह्यांच्या बशीशेजारी बसून हाताने जे लिहिलं, तेच तिथे रकान्यांत आहे. फक्त खाली एक मोठं निळं बटण असतं, आणि आपला अंगठा थेट तिथेच जातो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात विम्याचंच उदाहरण छापलंय, हे पाहून मला फार बरं वाटलं. एका बाईंनी ॲपवर विमा घेतला, आणि घेताना 'मी माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार करणार नाही' यालाही होकार दिला. तर तेवढा होकार रद्दबातल, असं कायद्यातच लिहिलंय. संमतीची विनंती मराठीत मागता येईल, आणि दिलेली संमती देण्याइतक्याच सोपेपणाने परत घेता येईल, असंही आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमतीची मुख्य कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. परत घेतल्याचे परिणाम मात्र आपल्या अंगावर. म्हणजे दाव्याच्या मधेच संमती काढून घेतली, तर पैसेही तिच्याबरोबर निघून जाऊ शकतात.

दाजींचा दावा आधी नाकारला गेला. मग ताईने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं: दुरुस्तीची टीप, पहिलं प्रिस्क्रिप्शन, कारखान्याचे तीन कागद, आणि शेवटची ओळ अशी, की महिन्याभरात उत्तर न आल्यास आम्ही पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाऊ. लोकपालांकडे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात. पैसे आले. हातमोजे, कापूस आणि 'प्रशासकीय आकार' वजा करून आले. दाजी हातमोज्यांसाठीही लोकपालांकडे जायला निघाले होते, ताईने थांबवलं.

नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने एक ॲप पाठवलं. मनगटावर घड्याळ बांधा, रोजची पावलं आम्हाला कळवा, हप्त्यात सूट मिळवा. ॲपने फोनमधले संपर्क, फोटो आणि ठावठिकाणाही मागितला. ताईने तिन्ही नाकारले. पावलंसुद्धा ऐच्छिक आहेत, दिली नाहीत तर पॉलिसी जात नाही, फक्त सूट जाते, हेही तिने विचारून घेतलं. पण 'सूट' शब्द ऐकून दाजींनी पावलं तेवढी चालू ठेवली. पंधरा दिवसांत कंपनीचं अभिनंदनाचं पत्र आलं. छप्पन्नाव्या वर्षी, ऑपरेशननंतर तीन महिन्यांत, रोजची सतरा हजार पावलं. घड्याळ नातवाच्या हातात होतं. ताईने ते काढून कपाटात ठेवलं आणि दाजींना सदतीस महिन्यांचं कॅलेंडर दाखवलं. साठाला अजून तेवीस बाकी होते, आणि तिथेही फसवणुकीला माफी नव्हती.

"कंपनीला कसं कळणार?" दाजींनी विचारलं.

"पोह्यांना येईल तो," ताई म्हणाली, "आणि पोरगं समोरून पळत जाईल."